‘तो तुझा भाऊ आहे’

एका मराठी कादंबरीचा इंग्रजी अनुवाद माझ्याकडे संपादनाला होता. असं काम छपाईला देण्याआधी आम्ही ते मराठीचा गंध नसलेल्या एखाद्या जाणत्या वाचकाला वाचायला देतो. त्याचं टिपण त्या सकाळी आलं. भाषेबद्दल तो खूश होता. पुढे त्याने लिहिलं होतं की नवव्या प्रकरणातला गौप्यस्फोट फार परिणामकारक आहे. अरविंद हा कुमुदच्या वडिलांचाच, बाहेरच्या संबंधातून झालेला मुलगा आहे, हे आजीच्या तोंडून असं एका वाक्यात कळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

कादंबरीत असा गौप्यस्फोट कुठेही नाही. अरविंद हा कुमुदच्या मावशीचा मुलगा. दोघं एकमेकांत गुंतलेत हे आजीच्या लक्षात येतं आणि ती कुमुदला म्हणते, “भाऊ आहे तो तुझा. ओवाळलंयस त्याला.” मराठी वाचकाला यात नवीन काही कळत नाही. त्याला माहीत असलेलीच गोष्ट आजी मोठ्याने बोलते, आणि म्हणून ती लागते. इंग्रजीत मात्र ज्याला आठ प्रकरणं ‘कझिन’ म्हटलं तो एकदम ‘ब्रदर’ झाला. वाचकाने त्याचा एकच शक्य तो अर्थ लावला.

टिपणात आणखी दोन शंका होत्या. कुमुदचा भाऊ वसंत याचं लग्न त्याच्या कझिनशी ठरतं तेव्हा घरात आनंदीआनंद होतो, मग कुमुदने कझिनवर प्रेम केलं तर घर का कोसळतं? आणि सुट्टीत मुलांना सायकल शिकवणारी ‘मामा’ ही आईच आहे ना, मग तिच्याबद्दल कधीकधी पुल्लिंगी सर्वनाम का येतं?

अनुवादिका दुपारी आली. टिपण वाचून ती म्हणाली, “ताई, पण मी तळटीप दिलीय. मावसभाऊ, मामेबहीण, दोन्हींना दिलीय.” तिचं खरं होतं. ‘मावसभाऊ: आईच्या बहिणीचा मुलगा’ आणि ‘मामेबहीण: आईच्या भावाची मुलगी’, दोन्ही टिपा पहिल्या प्रकरणात, अगदी अचूक. आमच्या वाचकाने त्या वाचल्याही होत्या. गडबड अशी की त्यांनी नात्याचा फक्त नकाशा सांगितला होता. कोणत्या नात्यात लग्न चालतं आणि कोणत्या नात्यात त्याचा विचारही करवत नाही, हे त्यात नव्हतं. आणि कादंबरी उभी आहे ती त्यावरच. शिवाय पहिल्या प्रकरणात वाचलेली तळटीप नवव्यापर्यंत कुणाच्या लक्षात राहत नाही. टीप शब्द पहिल्यांदा येतो तिथे देण्याचा रिवाज आहे, पण शब्दाचं खरं काम पुष्कळदा फार पुढे असतं.

आम्ही तिसरं प्रकरण उघडलं. तिथे भाऊबीज आहे. सगळी पोरं आजोळी जमलेली. लेखकाने लिहिलंय ते एवढंच: “कुमुदने वसंतला ओवाळलं, मग अरविंदला. शालूने आपल्या धाकट्या भावाला ओवाळलं आणि ताट घेऊन ती आत गेली.” शालू ही मामाची मुलगी, पुढे वसंतची बायको होणारी. वसंत समोर पाटावर बसलेला असताना ती त्याला ओवाळत नाही, आणि मोठ्यांपैकी कुणी तिला हाक मारत नाही. वर्तमानात अनेक घरांतून मामेभाऊ-आतेभाऊ सगळ्यांनाच ओवाळतात, पण ही कादंबरी ज्या घरातली आहे तिथे मामाची मुलगी भाच्यासाठी मनात धरलेली असते. पुढच्या लग्नाची आणि पुढच्या अनर्थाची दोन्ही बीजं या दोन वाक्यांत आहेत.

अनुवादात नेमक्या इथे, ‘भाऊबीज’ या शब्दावर, तळटिपेचा आकडा होता. खाली लिहिलं होतं की हा कार्तिक शुद्ध द्वितीयेचा सण असून या दिवशी बहिणी भावांना ओवाळतात. यातलं अक्षर चुकीचं नाही. पण शालू ताट घेऊन आत जात असताना वाचकाचे डोळे पानाच्या तळाशी तिथी वाचत होते. शिवाय टीप म्हणते ‘बहिणी भावांना’. अरविंद त्यात कसा बसतो आणि वसंत शालूसाठी त्यात का बसत नाही, हे ती सांगतच नाही.

टीप काढायची हे लगेच ठरलं. मग वाक्यात काय घालायचं? अनुवादिकेने पहिल्यांदा सगळंच घातलं: अरविंद मावशीचा मुलगा म्हणून भाऊच, आणि शालूला घरच्यांनी वसंतसाठी ठरवलेलं म्हणून ती आत गेली. वाक्य इंग्रजीत सुरेख जमलं होतं, पण त्याने कादंबरीचं गुपित सहा प्रकरणं आधी फोडलं. आम्ही त्यातला अर्धाच भाग ठेवला. आता इंग्रजीत असं आहे: कुमुदने वसंतपुढे दिवा ओवाळला, मग अरविंदपुढे, कारण आईच्या बहिणीचा मुलगा म्हणजे भाऊच, शालूने आपल्या धाकट्या भावापुढे ओवाळला आणि ताट घेऊन ती आत गेली. नियम वाचकाच्या हाती दिला, त्यातून निघणारा निष्कर्ष त्याच्यावर सोडला. मराठी वाचकालाही तो स्वतःच काढावा लागतो.

नवव्या प्रकरणात असंच काही करता येईल का, म्हणून लेखकांना फोन लावला. आजीच्या वाक्यात ‘मावशीचा मुलगा भाऊच असतो’ एवढं जोडू का, असं विचारलं. ते म्हणाले, “अहो, समोर नात बसलीय. तिला आजी हे कशाला सांगेल? जे दोघींना ठाऊक आहे ते माणूस बोलत नाही.” माझं मत अगदी हेच होतं आणि ते त्यांच्याकडून ऐकून बरं वाटलं. स्पष्टीकरण निवेदकाच्या तोंडी शोभतं, पाहुण्याच्या किंवा लहान मुलाच्या तोंडी शोभतं. घरातल्याच माणसाने घरातल्याच माणसाला नातं समजावून सांगितलं की संवाद मेला.

आजीचं बोलणं तसंच राहिलं. फरक केला तो दुसऱ्या वाक्यात. आधीच्या मसुद्यात तिथे ‘तू त्याची आरती केली आहेस’ अशा अर्थाचं काहीतरी होतं, तर तिसऱ्या प्रकरणात त्याच कृतीसाठी वेगळे शब्द. आता दोन्हीकडे दिवा ओवाळण्याची शब्दरचना अक्षरशः एकच आहे. आजी बोलली की वाचकाला तो पाट, ते ताट आठवावं, यासाठी तळटिपेतल्या ‘प्रकरण तीन पाहा’ यापेक्षा तेच शब्द पुन्हा येणं जास्त उपयोगी. आणि ‘कझिन’ हा शब्द आम्ही पुस्तकभर टाळला. चुलत, आते, मामे, मावस या चारही नात्यांवर तो एकच झाकण घालतो.

‘मामा’ची अडचण वेगळीच. इंग्रजीत तीच अक्षरं आईला लागू होतात, आणि शब्द तिरप्या ठशात छापला म्हणून वाचक आईला विसरत नाही. म्हणून पहिल्यांदा तो येतो तिथे ‘आईचा भाऊ’ असं सांगून पुढे ‘अंकल’ आणि त्याचं नाव असं केलं. गंमत म्हणजे ‘अंकल’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘अव्हुन्क्युलस’वरून आला, आणि त्याचा अर्थ मामाच, काकाला लॅटिनमध्ये ‘पात्रूउस’ हा वेगळा शब्द होता. जुन्या इंग्रजीतही मामा-काकांना निरनिराळे शब्द होते, ते पुढे लोपले. स्वीडिशमध्ये हा भेद आजही शाबूत आहे. तिथल्या अनुवादकाला मावशी, आत्या, मामा, काका यांसाठी काहीच कसरत करावी लागणार नाही. कशाला टीप द्यायची हे मूळ भाषेवर जितकं ठरतं तितकंच जिच्यात न्यायचं तिच्यावर.

एक प्रश्न मात्र वाक्यांत मावेना: आईच्या बहिणीचा मुलगा भाऊ, तर आईच्या भावाची मुलगी बहीण का नाही? त्यासाठी अनुवादिकेने शेवटी एक पानाचं टिपण लिहिलं आणि सुरुवातीला वंशवृक्ष दिला. टिपणात तिने इरावती कर्वे यांच्या 1953च्या नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथाचा आधार घेतला, आणि 1955च्या हिंदू विवाह कायद्याचा उल्लेख केला. कायद्याच्या यादीत बहीण-भावांची मुलं आणि दोन बहिणींची मुलं दोन्ही निषिद्धच आहेत, पण रूढीची मान्यता असेल तर सूट आहे. मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रातल्या अनेक समाजांत चालतं, सगळ्यांत नाही, हेही तिने आवर्जून नोंदवलं. ज्याला हवं त्याने ते वाचावं. कथा त्यावाचून अडत नाही.

संध्याकाळपर्यंत तळटिपा बहुतेक गेल्या होत्या आणि अनुवादिका उरलेली शेवटचीही काढायला निघाली, तेव्हा मी तिला थांबवलं. वसंत-शालूच्या लग्नानंतर वसंतची आई आपल्या भावजयीला, जिला ती वर्षानुवर्षं ‘वहिनी’ म्हणत आली, पहिल्यांदाच ‘विहीणबाई’ म्हणते आणि भावजय रडू लागते. मामाच्या मुलीशी लग्न झालं की हे असं होतं: मुलाची मामी सासू होते, आईची वहिनी विहीण. स्पॅनिशमध्ये विहिणीला शब्द आहे, ‘कोन्सुएग्रा’, इंग्रजीत नाही. अनुवादिकेने वाक्यातच ‘माझ्या सुनेची आई’ असं करून पाहिलं. तशी हाक कुणी कुणाला मारत नाही. इथे घडतं ते एवढंच की एक हाक सुटते आणि दुसरी लागते, म्हणून दोन्ही हाका मराठीतच राहायला हव्या होत्या.

तिची मूळ टीप पाच ओळींची होती, त्यात मानपान आणि विहिणीची पंगत असं सगळं आलं होतं. आम्ही ती एका ओळीवर आणली: आपल्या मुलाच्या किंवा मुलीच्या सासूला मारायची हाक. ‘वहिनी’ला टीप लागली नाही, कारण ती हाक आधीच्या प्रकरणांत इतक्यांदा येते की भावाच्या बायकोला असं म्हणतात हे वाचकाला आपोआप कळलेलं असतं. ई-पुस्तकात तळटीप दुव्यामागे जाते आणि बरेच वाचक तो उघडत नाहीत, म्हणून ते पान टीप झाकून पुन्हा वाचलं. हाक बदलली आणि मामी रडली, एवढं टिपेशिवायही कळत होतं. दोन्ही प्रकरणं त्याच रात्री एका नव्या वाचकाकडे पाठवली, आणि त्याला आधीच्या टिपणाबद्दल काही सांगितलं नाही.