आमची वाटचाल : थंड इंजिनापासून

अमळनेरला धुळे रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघा भावांनी मोटरसायकलींचं गॅरेज टाकलं, त्याला आता सतरा वर्षं होतील. सुरुवातीला पंक्चर, ऑइल बदली आणि क्लच वायर एवढीच कामं असायची. दिवाळीनंतर कापूस विकला की शेतकरी गाड्यांची 'हाफ इंजिन'ची कामं काढायचे, त्यावर आमचं वर्ष निघायचं. जुनी गाडी घेणाऱ्यासाठी गाडी तपासून द्यायचं काम मात्र आम्ही ठरवून सुरू केलं नाही. ते आमच्या एका चुकीतून आलं.

मारवडकडचा एक मुलगा, बी.एड. करणारा, पहिलीच गाडी घेत होता. दुपारी विकणाऱ्याला सोबत घेऊनच शेडवर आला. गाडी १२५ सीसी, दिसायला चकाचक. विकणारा म्हणाला, "एक नंबर शे भाऊ, काहीच काम नही." मी सेल्फ मारला, गाडी लगेच सुरू झाली, आवाज गोड, धूर नाही. एक चक्कर मारली आणि "घे" म्हणालो. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तो मुलगा दारात. रोज सकाळी पहिल्यांदा सुरू केली की अर्धा मिनिट निळा धूर निघतो, मग आपोआप बंद होतो.

चूक कुठे झाली ते मला तिथंच कळलं. गाडी आमच्याकडे आली तेव्हा तापलेली होती. वॉल सील, म्हणजे इंजिनाच्या व्हॉल्व्हवरची रबरी सील, कडक झाली की रात्रभर हेडमधलं ऑइल वॉलच्या दांड्यावरून थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळच्या पहिल्या सुरुवातीला जळतं. गाडी तापल्यावर साध्या चकरेत त्याचा मागमूस राहत नाही. सील आम्ही आमच्या खर्चाने बदलून दिली. तेव्हापासून नियम एकच: गाडी सकाळी, रात्रभर बंद ठेवलेली, आणि आमच्यासमोरच पहिल्यांदा सुरू होणार.

आल्या आल्या आम्ही इंजिनाला आणि सायलेन्सरच्या वाकाला हात लावतो. आमच्या मे महिन्यात उन्हात उभी गाडीही चटका देते, म्हणून टाकीलाही हात लावायचा. टाकी आणि इंजिन सारखंच तापलेलं असेल तर ऊन, इंजिनच जास्त गरम असेल तर कुणीतरी आधी चालवून आणलेली आहे. अशी गाडी आम्ही त्या दिवशी तपासत नाही. दलाल चिडतात, चिडू देत.

मग चावी बंद ठेवून किक हाताने हळू दाबायची. एका ठिकाणी ती अडली पाहिजे आणि थोडा वेळ जोर धरून राहिली पाहिजे. लोण्यात सुरी जावी तशी खाली गेली तर कॉम्प्रेशन गळतंय, रिंगमधून किंवा वॉलमधून. किक नसलेल्या गाडीत ही सोय नाही. त्यानंतर ऑइलची पट्टी काढायची. पातळी खालच्या खुणेच्या जवळ असेल तर विचारायचं, ऑइल कधी बदललं? "मागच्याच महिन्यात" असं उत्तर आलं तर ऑइल एक तर गळतंय, नाही तर जळतंय. ऑइल दुधी दिसलं तर आत पाणी गेलंय. आणि ऑइल नवंकोरं पण जास्तच घट्ट वाटलं तर सावध व्हायचं. कंपनीने १०डब्ल्यू३० सांगितलेल्या इंजिनात २०डब्ल्यू५० ओतलं की खडखड आणि धूर दोन्ही काही दिवस दबतात.

आता सुरू करायची आणि मागे उभं राहायचं. हिवाळ्यात पांढरी वाफ निघून दोन मिनिटांत विरली तर घाबरायचं नाही, ते सायलेन्सरमधलं पाणी. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, बहुतेक वेळा एअर फिल्टर किंवा कार्बोरेटर. निळा धूर म्हणजे ऑइल. तो सीलचा की रिंगचा, हे मात्र उभ्या गाडीवर नीट कळत नाही, त्यासाठी चालवावी लागते. आम्ही रेल्वेच्या उड्डाणपुलाच्या उतारावरून तिसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलेटर पूर्ण सोडून गाडी खाली आणतो आणि पायथ्याशी एकदम ॲक्सिलेटर देतो. धाकटा भाऊ मागून दुसऱ्या गाडीवर बघत येतो. त्या क्षणी निळा भपका आला आणि विरला तर दोष वॉल सीलकडे किंवा गाइडकडे. चढावर ॲक्सिलेटर धरल्यावर धूर सतत येत राहिला तर पिस्टन रिंग किंवा बोअर. सीलचं काम आमच्याकडे दीड हजाराच्या आसपास होतं, बोअर-पिस्टनचं सहा-सात हजारांवर जातं. भाव करायचा तो या फरकावर.

२०२० च्या एप्रिलनंतरच्या बीएस-६ गाड्यांत आणखी एक गोष्ट बघतो. चावी फिरवली की मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर आनंद मानू नका, कुणीतरी दिवाच काढलेला असू शकतो.

इंजिनानंतर पुढची बाजू. मेन स्टँडवर लावून पुढचं चाक उचलायचं आणि हँडल हळूहळू दोन्हीकडे फिरवायचं. अगदी मध्यावर खाच लागल्यासारखं अडकलं तर हँडलच्या मानेतला बेअरिंगचा कोनसेट गेलाय. तो खर्च किरकोळ आहे, पण त्याच वेळी हँडल जिथे जाऊन टेकतं तो चेसिसवरचा छोटा स्टॉपर बघा. तो वाकलेला किंवा तुटलेला असेल, मानेजवळच्या रंगाला तडे असतील, तर गाडीने पुढून जोराचा मार खाल्लाय. चाक धरणारा पुढचा चिमटा बदलता येतो, चेसिसचा वाकडेपणा पूर्ण जात नाही. अशा गाडीला आम्ही सरळ नाही म्हणतो. तिथेच चेसिस नंबर असतो, तो आरसीशी अक्षर अक्षर जुळवायचा. बाकी चेन, टायर, ब्रेक लायनर झिजणारच, त्यांचे पैसे धरायचे आणि पुढे जायचं. मीटरच्या किलोमीटरवर माझा विश्वास नाही, फूटरेस्टचं रबर आणि गिअरचा दांडा खरं सांगतात.

मागच्या डिसेंबरात पारोळ्याची एक नर्सताई वडिलांना घेऊन आली. २०१७ ची गाडी, विकणारा अडतीस हजार मागत होता. गाडी थंड होती, किकला जोर होता. सुरू करताच वीस-पंचवीस सेकंद निळा धूर, पुलाच्या पायथ्याशी भपका, चढावर मात्र काही नाही. म्हणजे सील. स्टॉपर शाबूत, मध्यावर खाच. मागचं चाक धरून आडवं हलवलं तर स्विंग आर्मचा बुश खेळत होता आणि कॅरिअरच्या नळीवर कड्यांच्या घासण्याच्या खुणा होत्या. गाडीने दुधाचे कॅन वाहिलेले. कागदावर मांडलं : सील दीड हजार, कोनसेट आठशे, बुश सहाशे, चेन-स्प्रॉकेट चौदाशे. बेरीज चार हजार तीनशे. कागद तिच्या वडिलांच्या हातात दिला.

विकणारा आधी हसला, मग म्हणाला, "दूध तर आम्ही कधी वाहिलंच नाही." वडिलांनी फक्त कॅरिअरकडे बोट दाखवलं. चौतीस हजारांवर सौदा झाला आणि गाडी त्याच दुपारी आमच्याकडे सील बदलायला लागली. तपासणीचे आम्ही तीनशे घेतो, सौदा होवो न होवो, आणि ते घेणाऱ्याकडूनच.