नफा वाढत होता, रोकड मात्र आटत होती

पाणीपुरवठ्याची कंत्राटे घेणाऱ्या एका कंपनीचे शेअर माझ्याकडे होते. तीन वर्षांत तिचा निव्वळ नफा 40 कोटींवरून 52 आणि मग 70 कोटींवर गेला, तेव्हा आणखी शेअर घेण्याआधी मी वार्षिक अहवालातील रोकड प्रवाहाचे पत्रक उघडले. व्यवसायातून प्रत्यक्ष आलेली रोकड त्याच तीन वर्षांत 38 कोटी, 21 कोटी आणि शेवटी उणे 6 कोटी होती. म्हणजे 162 कोटींच्या एकत्रित नफ्यासमोर हाती आले 53 कोटी. घसारा, म्हणजे रोकड बाहेर न जाता नोंदवलेला खर्च, या रोकडीत परत जोडलेला असतो आणि आपल्याकडे अशा कंपन्या कर्जावरील व्याज वित्तपुरवठ्याच्या भागात दाखवतात. त्यामुळे खरे तर ही रोकड नफ्यापेक्षा जास्तच असायला हवी होती.

झपाट्याने वाढणाऱ्या धंद्यात येण्यांमध्ये पैसा अडकतो, हे मला मान्य होते. म्हणून मी येणी तपासली. विक्री 500, 600 आणि 760 कोटी, तर ग्राहकांकडून येणे 125, 150 आणि 190 कोटी. दरवर्षी सुमारे 91 दिवसांची उधारी, त्यात काहीच बिघाड दिसेना. इथेच मी समाधान मानून थांबणार होतो. पण ‘इतर चालू मालमत्ता’ या ओळीची टीप वाचली, तेव्हा अनबिल्ड रेव्हेन्यू, म्हणजे नफ्यात धरलेला पण बिल न केलेला महसूल, 30 कोटींवरून 75 आणि पुढे 170 कोटींवर गेल्याचे दिसले. तो येण्यांत मिळवताच उधारी 113 दिवसांवरून 173 दिवसांवर पोहोचली.

बिलाआधी महसूल धरणे इंड एएस 115 या लेखा मानकानुसार गैर नाही. काम किती झाले हे बहुधा आजवरचा खर्च भागिले अपेक्षित एकूण खर्च असे मोजतात, आणि अपेक्षित खर्चाचा हा आकडा व्यवस्थापनच ठरवते. 100 कोटींच्या कंत्राटाचा एकूण खर्च 80 कोटी धरला आणि 40 कोटी खर्च झाले, तर निम्मे काम झाले असे मानून 50 कोटींचा महसूल आणि 10 कोटींचा नफा नोंदवता येतो. खर्च प्रत्यक्षात 100 कोटी होणार असेल, तर त्याच टप्प्यावर महसूल 40 कोटी आणि नफा शून्य असतो. लेखापरीक्षकांनी नेमका हाच अंदाज महत्त्वाची बाब म्हणून आपल्या अहवालात नोंदवला होता.

तरीही ग्राहकाने राखून ठेवलेली रक्कम किंवा मार्चअखेर मोजमाप बाकी असलेले काम, अशी रास्त कारणे असू शकतात. त्यासाठी मी आदल्या वर्षाच्या 75 कोटींचे पुढे काय झाले ते शोधले. तिसऱ्या वर्षाच्या टीपेनुसार त्यातील फक्त 20 कोटींची बिले निघाली होती. उरलेल्या 55 कोटींचे काम ग्राहकाने वर्षभर मान्यच केलेले नसावे, असा मी अर्थ लावला आणि शेअर विकले. ही लबाडी होती असे मी म्हणत नाही, कारण या आकड्यांवरून तेवढे सिद्ध होत नाही.