पान ४१ आणि पान ६३

प्रवेश परीक्षा, कोर्सवर्क, गावोगावचं ध्वनिमुद्रण, या सगळ्यातून मी पीएच.डी.ची तीन वर्षं पार केली. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. अडकले ती तिसऱ्या प्रकरणात, आणि त्याचं मूळ सिनॉप्सिसच्या फॉर्ममधल्या एका रकान्यात होतं. त्या रकान्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

रकान्याचं नाव होतं ‘संशोधनाची गृहीतके’. त्यात मी लिहिलं होतं, ‘अहिराणी ही मराठीची बोली आहे.’ समितीने पाच मिनिटांत मान्यता दिली. जे तपासायचं आहे ते आणि जे धरून चालायचं आहे ते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि फॉर्ममध्ये दोन्हींसाठी एकच चौकट आहे, हे तेव्हा कुणीच बोललं नाही. तुमच्या फॉर्मवरही असा एकच रकाना असेल, तर त्यात ‘तपासायचे विधान’ आणि ‘धरून चाललेल्या गोष्टी’ असे दोन भाग स्वतः पाडून लिहा. मला हे दोन वर्षं उशिरा कळलं.

तिसरं प्रकरण गाइडकडे दिलं आणि सही येईना. प्रोग्रेस रिपोर्टची तारीख जवळ येत होती, ऑफिसातून दोनदा फोन आला. सात आठवड्यांनी सही नाही, पत्र आलं. सर मूळचे तत्त्वज्ञानाचे, अमळनेरचे. अजून हाताने पत्र लिहितात. अकरा पानं होती. पहिल्या पानावर ‘अनेक आशीर्वाद’ आणि खाली माझ्याच प्रबंधातली दोन वाक्यं कापून, एकाखाली एक चिकटवलेली.

पान ४१ : ‘-ना, -मा, शे ही रूपे गुजरातीतून उसनी आलेली आहेत, कारण अहिराणीचा पाया मराठीचा आहे.’

पान ६३ : ‘अहिराणीचा पाया मराठीचा आहे, कारण गुजरातीशी जुळणारी रूपे उसनी आहेत.’

दोन्हींच्या मध्ये एकवीस पानं होती. तेवढ्या अंतरात मला दिसलं नाही, वाचणाऱ्या मैत्रिणीलाही दिसलं नाही. एका कागदावर आल्यावर मात्र लपायला जागा उरली नाही. मला इतका संताप आला की दोन दिवस पत्र पुढे वाचलंच नाही. तीन वर्षं शिंदखेडा, साक्री, पारोळा, चाळीसगाव पालथं घातलं होतं, आणि हे म्हणतात युक्तिवादच नाही!

पुढे सरांनी लिहिलं होतं ते जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देते.

‘तुझा निष्कर्ष चूक आहे असं मी म्हणत नाही. तो बरोबरही असेल. पण तुझ्या प्रकरणातून तो निघत नाही, तो आधीच आत बसलेला आहे. न्यायशास्त्रात याला साध्यसम म्हणतात : जो हेतू पुढे केला, तोच साध्याइतका सिद्ध व्हायचा राहिलेला आहे. आणि दोघं एकमेकांच्या खांद्यावर उभे असतील तर तो अन्योन्याश्रय. तपासायचं असेल तर असं कर. तुझा निष्कर्ष न मानणाऱ्या माणसाच्या हातात फक्त पान ४१ दे. तो ते मान्य करेल का? भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनने १९०७ साली, भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात, खानदेशी म्हणजे तुझी अहिराणी भिल्ली भाषांबरोबर ठेवली. ‘उसन्या रूपांमुळे त्याची दिशाभूल झाली’ असं तू एका ओळीत लिहिलंस. ती उसनी आहेत, हेच तर त्याला पटवायचं आहे.’

मग त्यांनी माझंच एक उदाहरण घेतलं. साक्रीच्या एका आजींचं वाक्य, ‘माय घरमा शे.’ मराठीत ‘आई घरात आहे’, गुजरातीत ‘मा घरमां छे’. शेजारीच पारोळ्याचं ‘माले’. मराठीत ‘मला’, वऱ्हाडीत ‘मले’, गुजरातीत ‘मने’. ‘आता तुझीच पद्धत उलटी चालव,’ सर म्हणतात. ‘अहिराणीचा पाया गुजरातीचा धर. मग -मा आणि शे घरचे, आणि माले उसनं. तेवढ्याच सफाईने निष्कर्ष निघतो की अहिराणी गुजरातीची बोली. जी पद्धत दोन्ही बाजूंना सारखाच निकाल देते, ती निकाल देतच नाही.’

हे वाचल्यावर संताप ओसरला. ‘माय घरमा शे’ माझ्या आजोळी रोज बोललं जातं, मी ते ऐकत वाढले, आणि त्यातल्या -मा ला मी एका ओळीत बाहेरचं ठरवलं होतं. कुठलाही पुरावा न देता.

दुरुस्तीचा भाग पत्रात शेवटी होता, पण खरं काम त्याचंच. सरांचं म्हणणं असं, की रूप उसनं आहे हे म्हणायचं तर पाया कुणाचा हा प्रश्न बाजूला ठेवूनही दिसेल अशी खूण हवी. शब्द सहज उसने येतात. विभक्तीचे प्रत्यय फार क्वचित, म्हणून तिथे पुरावा जास्त लागतो. षष्ठीच्या -ना ने मराठी -चा ला हटवलं असेल, तर जुना -चा कुठेतरी अडकून राहिलेला सापडायला हवा : ओव्यांत, म्हणींत, म्हाताऱ्या बायकांच्या बोलण्यात.

मी माझ्या ६२ ओव्या परत ऐकल्या. सातांत -चा होता. आनंदाने सरांना फोन केला. ते म्हणाले, ‘बाई, त्या ओळीतलं बाकी व्याकरण बघ.’ सातही ओळी विठ्ठलाच्या होत्या आणि आख्ख्याच मराठीत होत्या, क्रियापदासकट. अहिराणी ओळीत अडकलेला -चा एकही नव्हता. म्हणजे माझ्या बाजूचा पुरावा मिळाला नाही. पण ६२ ओव्यांत नाही म्हणून कधीच नव्हता, असंही म्हणता येत नाही.

दुसरी वाट मीच सुचवली. गुजरातीतून आलं असेल तर नवापूरकडे दाट आणि जामनेरकडे विरळ दिसेल. सरांनी तीही अडवली. मूळ गुजराती धाटणीच्या बोलीवर पूर्वेकडून मराठी चढत गेली असेल, तरी नकाशा हुबेहूब तसाच दिसेल. नुसता उतार दिशा सांगत नाही.

शेवटी निष्कर्षच लहान केला. नवं प्रकरण एवढंच म्हणतं : माझ्या गावांत -ना, -मा, शे नियमित आहेत, माले मराठी-वऱ्हाडीशी जुळतं, आणि केवळ या रूपांवरून अहिराणीला मराठीची बोली ठरवता येत नाही. ‘उसनं’ हा शब्द मी सगळीकडून काढला आणि तिथे ‘जुळणारं’ घातलं. तुम्हीही फाइलमध्ये असा शब्द शोधून बघा. ‘मूळ’, ‘शुद्ध’, ‘अपभ्रष्ट’, ‘प्रभाव’ या शब्दांत निष्कर्ष लपून बसतो.

एक राहिलं. निष्कर्ष बदलला की सिनॉप्सिसमधलं विधान बदलायचा अर्ज लगेच द्या. माझा राहिला. व्हायवाला बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘तुमचं गृहीतक सिद्ध झालं का?’

मी म्हटलं, ‘नाही सर. या पुराव्यावर ते होऊ शकत नाही, आणि का होऊ शकत नाही ते तिसऱ्या प्रकरणात आहे.’ त्यांनी पान ४१ उघडलं.