मैत्रिणीच्या कंपनीला पाठवलेलं पहिलं पक्कं बिल

मैत्रिणीच्या कंपनीसाठी 28 पानी कॅटलॉगची मांडणी करून दिली. "बिल पाठव गं, बघते मी," असं ती म्हणाली खरी, पण पैसे सोडतात अकाउंट्सवाले. म्हणून तिच्याकडून आधी कंपनीचा जीएसटी नंबर, अकाउंट्सचा ईमेल आणि ठरलेल्या दराला होकार देणारा एक मेल मागून घेतला.

जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणीतलं नाव दिसतं. पाटीवरचं ब्रँडचं नाव पुष्कळदा निराळंच असतं, आणि ब्रँडच्या नावाने काढलेलं बिल अकाउंट्समधून परत येतं.

आकडे असे मांडले: 28 पानं, दर पानाला 2,000, म्हणजे 56,000. ठरलेल्या दोन दुरुस्त्यांनंतर तिसरी फेरी झाली, तिचे 4,000. मैत्रीखातर 5,000 सोडायचे होते, ते दर कमी करून न लपवता "सवलत" म्हणून वेगळ्या ओळीत वजा केले. दरच उतरवला असता तर पुढच्या कामाची बोलणी त्या उतरलेल्या दरापासून सुरू झाली असती. एकूण 55,000. माझी वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत आहे, जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे कर लावायचा प्रश्नच नव्हता. तेवढं बिलाखाली लिहिलं. बिल क्रमांक, तारीख, पॅन आणि बँकेचा तपशील होताच.

मुदतीच्या जागी "लवकरात लवकर" लिहिणं म्हणजे काहीच न लिहिणं. मी थेट तारीख टाकली, बिलापासून पंधराव्या दिवसाची, आणि खाली उद्यम नोंदणी क्रमांक. ही नोंदणी फुकट होते. ती असलेल्या सूक्ष्म वा लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. हा कायदा 2006 चा आहे, पण अकाउंट्सवाल्यांना तो चांगला ठाऊक असतो.

मेल अकाउंट्सला, प्रत मैत्रिणीला. तिला वेगळा निरोप एवढाच: "बिल अकाउंट्सला गेलंय. काही अडलं तर त्यांना मलाच विचारू दे, तू मध्ये अडकू नकोस."

खात्यात आले 49,500. इथे बऱ्याच जणी घाबरून मैत्रिणीला फोन लावतात. पण व्यावसायिक सेवेचे पैसे वर्षाला 50,000 च्या वर गेले की कंपनी 10 टक्के टीडीएस कापते (एप्रिल 2025 पूर्वी ही मर्यादा 30,000 होती). कापलेले 5,500 माझ्याच पॅनवर जमा होतात आणि विवरणपत्र भरताना हिशेबात येतात. मात्र ते लगेच दिसत नाहीत. कंपनीने तिमाही टीडीएस विवरण भरलं की मगच आयकर पोर्टलवर माझ्या पॅनवर जमा झालेला कर दाखवणाऱ्या 26एएस विवरणात उमटतात. तेव्हाही दिसले नाहीत, तर बिलाची प्रत जोडून अकाउंट्सला पॅन तपासायला सांगायचं. एका अक्षराच्या चुकीने रक्कम भलत्याच्या नावावर जाऊ शकते.