पोळ्याच्या करीचा टक्का

नागपुरात श्रावण लागला की आमच्या सावजी हॉटेलातल्या भट्टीचा आवाजच कमी होतो. मी तिथे मॅनेजर. एरवी आठवड्याची विक्री जीएसटी सोडून ३,६०,००० रुपये, श्रावणात २,४०,०००.

मालकांचा मुलगा नुकताच शिकून आला होता. त्याने नियम घातला: कामगारांवरचा खर्च विक्रीच्या २० टक्क्यांवर जाऊ द्यायचा नाही. नियम वाईट नाही, मीही तसाच हिशोब धरतो. पण त्याने पुढच्या आठवड्याची विक्री मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीवरून धरली. २,४०,००० चे २० टक्के म्हणजे ४८,०००. त्यातून माझा आणि मुख्य आचाऱ्याचा बांधलेला पगार १८,००० गेला, उरले ३०,०००. वेटर, मदतनीस, भांडीवाले यांचा तास जेवण आणि पीएफ धरून सरासरी ७५ रुपयांना पडतो. म्हणजे ४०० तास. एरवी याच हिशोबाने ७२० बसतात. विक्री एक तृतीयांशाने घटली, पण तास निम्म्याजवळ आले, कारण आम्हा दोघांचा पगार काही श्रावण पाळत नाही.

त्या आठवड्यात पोळा होता. दुसऱ्या दिवशी कर. मारबतीची मिरवणूक बघून आलेलं अर्धं शहर मटणावर तुटून पडतं, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. फक्त एक्सेलला नव्हतं. मी दोनदा सांगितलं. "अंकल, डेटा बघा," असं उत्तर आलं. तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं.

दुपारी एकला गर्दी उसळली. लोकांना वाटतं, हॉटेल स्वयंपाकघरात अडतं. आमचं अडलं मोरीत. रस्सा तयार, भाकऱ्या तयार, पण भांड्यांवर तिघांऐवजी एकच काका.

"भाऊ, ताटंच नाहीत नं!" पोरगा ओरडला.

टेबलं रिकामी होती, पण खरकटी. दारात माणसं उभी. वेटिंगच्या वहीत ३१ नावं मी स्वतः खोडली, एकेक नाव म्हणजे अख्खं कुटुंब.

सोमवारी हिशोब आला. विक्री ३,४०,०००, खर्च तेच ४८,०००. टक्का १४. मालक खूश, मुलगा तर त्याहून. मी वही पुढे ठेवली. परत गेलेलं गिऱ्हाईक विक्रीतही येत नाही, खर्चातही नाही. मग टक्का देखणाच दिसणार. मुलगा वही बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, पुढल्या वर्षी याच तारखेला तास वाढवू.

"तारखेला नाही, तिथीला," मी म्हटलं. पोळा अमावास्येचा, तो तारीख कुठे पाळतो?

काकांनी त्याच आठवड्यात काम सोडलं. श्रावणात ज्या दोघांचे तास कापले होते, ते आधीच दुसरीकडे लागले होते. ७२० तासांचा आठवडा परत आला तेव्हा कागदावर तास होते, मोरीवर माणूस नव्हता.