ब्रँड नाही, नाव नाही, फक्त फोटो: बरणी उघडायची पट्टी मी कशी शोधली

संधिवातामुळे आईच्या मनगटात जोर उरलेला नाही आणि फिरकीच्या झाकणाची बरणी तिला एकटीला उघडता येत नाही. मावशीने तिच्या स्वयंपाकघरातला एक फोटो पाठवला. कपाटाच्या खालच्या बाजूला स्क्रूने बसवलेली एक पांढरी पट्टी, तिच्यात निमुळती होत जाणारी खाच आणि त्या खाचेत अडकवलेलं बरणीचं झाकण. बरणी दोन्ही हातांनी धरून फिरवायची, झाकण खाचेत घट्ट राहतं. मावशीला ती कुणीतरी भेट दिली होती. वर नाव नाही, कंपनी नाही.

आधी गूगल लेन्सवर फोटो टाकला, तर कपाटाच्या बिजागऱ्या आणि फळीचे ब्रॅकेट आले. फोटोत कपाटच जास्त दिसत होतं, त्यामुळे तसं होणारच. फक्त पट्टी आणि झाकण राहील एवढं क्रॉप केल्यावर निकाल सुधारले, पण आता सगळ्या प्रकारचे ओपनर समोर आले. इथून पुढे शब्दांचंच काम होतं.

शोधताना आपण सहज ‘उपयोगी’, ‘छोटं’, ‘पांढरं’ असं लिहितो. त्याचा उपयोग होत नाही, कारण विक्रेता शीर्षकात वस्तू काय करते आणि कुठे बसते ते लिहितो. म्हणून मी फोटोकडे बघून आधी काम लिहिलं, मग जागा, मग आकार:

```
under cabinet jar opener V shaped screw mount -electric
```

शेवटच्या उणे चिन्हाने गूगलवर विजेवर चालणारे ओपनर गळतात. मार्केटप्लेसच्या स्वतःच्या शोधात मात्र हे चिन्ह चालेलच असं नाही. तिथे शब्द कमी ठेवून डावीकडचे फिल्टर वापरणं बरं.

आता चित्र स्पष्ट झालं. एकाच साच्यातली वस्तू वेगवेगळे विक्रेते वेगवेगळ्या नावांनी विकत होते, आणि शेजारीच तशाच दिसणाऱ्या पण वेगळ्या पट्ट्याही होत्या. काहींना नुसता चिकटपट्टीचा आधार, काही अखंड धातूच्या, काहींना दाते एकाच बाजूला. मावशीच्या पट्टीत प्लास्टिकच्या अंगात दातेरी धातू बसवलेला होता, दाते दोन्ही बाजूंना होते आणि स्क्रू तीन. ही तीन लक्षणं ज्यात जुळेनात, तो प्रत्येक पर्याय मी बाजूला काढला.

आकाराचा प्रश्न उरला होता. फोटोतली बरणी दोन तुकड्यांच्या झाकणाची, कॅनिंगची होती आणि तिला खांदा होता, म्हणजे तोंड शरीरापेक्षा अरुंद. अशा ‘रेग्युलर’ तोंडाच्या झाकणाचा व्यास साधारण ७० मिमी असतो, रुंद तोंडाचा ८६ मिमी. झाकण पट्टीला टेकलेलं होतं, त्यामुळे दोन्ही वस्तू कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर होत्या आणि तुलना करता आली. स्क्रीनवर पट्टीची लांबी झाकणाच्या रुंदीच्या सुमारे दुप्पट भरली, म्हणजे १४ सेंमीच्या आसपास. फोटो खालून तिरका काढलेला असल्याने यात थोडा फरक गृहीत धरायलाच हवा. पण १० सेंमीची पट्टी ही नव्हे, एवढं त्यावरून नक्की ठरलं.

मापांची खातरी घाऊक बाजारात झाली. अलीबाबावर तेच इंग्रजी शब्द टाकले आणि `1688` या चिनी घाऊक साइटवर `开盖器`, म्हणजे झाकण उघडायचं साधन. घाऊक विक्रेत्यांच्या फोटोंमध्ये बऱ्याचदा मापांची आकृती असते, आणि मला हवी होती ती तीच. तीन भोकं, दोन्हीकडे दाते आणि लांबी माझ्या अंदाजाजवळची, असा साचा सापडला. विक्रेत्याला मी मोजपट्टी शेजारी ठेवून पाठीमागच्या बाजूचा फोटो मागितला. जाहिरातीतले फोटो बऱ्याचदा एकमेकांकडून उचललेले असतात. हातातल्या वस्तूचा ताजा फोटो मिळाला, तर ती त्याच्याकडे खरोखर आहे हे कळतं.

तिथे एक नग मिळत नव्हता, किमान ऑर्डर मोठी होती. पण आता अचूक मापं हातात होती. ती घेऊन मी किरकोळ विक्रीच्या यादीत परत गेले आणि जाहिरातीच्या फोटोंपेक्षा ग्राहकांनी अभिप्रायात टाकलेले फोटो पाहिले. त्यात भोकांची जागा आणि पाठ स्पष्ट दिसते. दोन यादींत तोच साचा होता. एकीत स्क्रू सोबत होते, दुसरीत फक्त चिकटपट्टी. मी स्क्रूवाली घेतली, कारण झाकण फिरवताना पट्टीवर पिळाचा जोर येतो आणि नुसती चिकटपट्टी हळूहळू सुटते.

मागवण्याआधी स्क्रूची लांबीही विचारून घेतली. कपाटाची फळी साधारण १६ ते १८ मिमी जाडीची असते. पट्टीची जाडी वजा जाता स्क्रू त्याहून लांब निघाला, तर टोक आत भांड्यांच्या बाजूला बाहेर येतं. विक्रेत्याने सांगितलेली लांबी आमच्या फळीला चालणारी होती, तेव्हाच ऑर्डर दिली.