साडेबावीस मिनिटांचं काम अठ्ठेचाळीस मिनिटांत

रविवार, पहाटे साडेपाच. हिंगणघाट तालुक्यात मे महिन्यात दहानंतर टिनाच्या शेडमध्ये उभं राहवत नाही, म्हणून मिलिंगचं, म्हणजे फिरत्या कटरनं लोखंड कापण्याचं काम मी उजाडतानाच उरकतो. मशीन तेच जुनं, एक एचपीचं, सिंगल फेजवर चालणारं. टेबलाला मागच्या महिन्यात गाडीच्या वायपरची मोटर बसवली. हातानं हँडल फिरवण्याचा त्रास गेला, पण त्या मोटरनंच या वेळी फसवलं.

काम साधं होतं. घरच्या कुट्टी मशीनच्या मोटरखाली पॅकिंगचे दोन ठोकळे हवे होते. भंगारातून माइल्ड स्टीलचे दोन तुकडे आणले, १२० मिमी लांब, ५० रुंद, ३२ जाड. जाडी २६ हवी, म्हणजे वरून ६ मिमी काढायचे. फेस कटर माझ्याकडे नाही, म्हणून १२ मिमीचा चार धारांचा एचएसएस, म्हणजे हायस्पीड स्टीलचा एंडमिल कटर लावला आणि पट्ट्यापट्ट्यांनी साफ करायचं ठरवलं. स्पिंडल ६४० आरपीएमवर, म्हणजे कटिंग स्पीड मिनिटाला २४ मीटर. एचएसएसला एवढं पुरे. दर धारेला ०.०४ मिमी धरलं तर टेबल फीड, म्हणजे टेबल सरकण्याचा वेग, मिनिटाला १०२ मिमी येतं, मी १०० धरलं.

मग हिशेब मांडला. खोली, रुंदी आणि फीड यांचा गुणाकार म्हणजे दर मिनिटाला निघणारं लोखंड.

```
Q = ap × ae × vf / 1000
Q = 2 × 8 × 100 / 1000 = 1.6 cm³/min
```

तिन्ही आकडे मिलिमीटरमध्ये असल्यानं हजारानं भागायचं, नाहीतर उत्तर घन मिलिमीटरमध्ये येतं. खोली २ मिमी आणि रुंदी ८ मिमी मी सवयीनं धरली होती, कटरच्या व्यासाच्या दोन तृतीयांश. काढायचा माल १२० × ५० × ६, म्हणजे ३६ घन सेंमी. त्याला १.६ नं भागलं की साडेबावीस मिनिटं.

घड्याळ लावलं होतं. ठोकळा झाला तेव्हा ४८ मिनिटं झाली होती. शेजारचा पोरगा दारात उभा राहून सगळं पाहत होता. "काऊन भाऊ, पाव घंट्याचं काम म्हणत होते ना?" पाव घंटा मी म्हटलंच नव्हतं, पण त्याच्याशी कोण वाद घालणार.

उरलेली साडेपंचवीस मिनिटं कुठं गेली, हे शोधण्यात दुपार गेली.

पहिला चोर माझ्या भागाकारातच सापडला. ५० ला ८ नं भागलं तर ६.२५ येतं, पण सव्वासहा पट्टे मारता येत नाहीत. सात मारावे लागतात, आणि सातवा पट्टा फक्त २ मिमी रुंद असतो. त्या पट्ट्यात सूत्रातली रुंदी ८ नसून २ आहे, म्हणजे १.६ ऐवजी ०.४. वेळ मात्र पूर्ण पट्ट्याचाच जातो. शिवाय कटर ठोकळ्याच्या बाहेरून आत येतो आणि पार बाहेर जातो, त्यामुळे टेबलाला १२० ऐवजी १३४ मिमी चालावं लागतं. तीन थर, सात पट्टे, असे २१ फेरे. १०० च्या फीडनं याचीच २८ मिनिटं होतात.

दुसरा चोर वायपर मोटर. डायलवर १०० ची खूण मी रिकाम्या टेबलावर केली होती. आता कट चालू असताना टेबलाला स्टीलची पट्टी लावली आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर १०० मिमीचा वेळ घेतला, तर ७३ सेकंद. म्हणजे मिनिटाला ८२ मिमी. डीसी मोटर भार आला की मंदावते, हे माहीत असूनही खूण करताना डोक्यात आलं नाही. यात वेळेपेक्षा मोठं नुकसान कटरचं. फीड कमी झालं पण स्पिंडल तेवढाच फिरतोय, म्हणून दर धारेचा घास ०.०४ वरून ०.०३२ वर आला. घास फार बारीक झाला की धार कापायच्या ऐवजी घासते आणि बोथट होते. ८२ नं २१ फेऱ्यांना ३४ मिनिटं लागतात.

तिसरा भाग परत येण्याचा. माझ्या टेबलाच्या स्क्रूत भरपूर बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा आहे, म्हणून एकाच दिशेनं कापतो. दुसऱ्या दिशेनं कटर टेबलाला ओढून घेतो आणि धार तुटते. दर फेरीला रिकामं परत येणं आणि पुढच्या पट्ट्यावर लावणं यात अर्धा मिनिट जातो, एकूण साडेदहा. ३४ आणि साडेदहा, जवळपास ४५. उरलेली तीन मिनिटं चिप्स झाडणं आणि खोली लावणं यात गेली. हिशेब जुळला.

खोलीचा आकडा तरी खरा होता का, हे पहिल्या थरानंतरच तपासलं होतं. ठोकळा घेऊन किराणा दुकानात गेलो. "हे लोखंड कायले मोजता जी?" काका हसले, पण काटा दिला. कापण्याआधी १५०५ ग्रॅम भरला होता, आता १४१५. एक थर म्हणजे १२ घन सेंमी, स्टीलची घनता ७.८५, म्हणजे ९४ ग्रॅम कमी व्हायला हवे होते. झाले ९०. काटा पाच-पाच ग्रॅमनं सरकतो, तेव्हा नुसत्या त्यावर विसंबलो नसतो, पण कॅलिपरनंही खोली १.९ च दाखवली. कारण लगेच कळलं. कटर टेकवताना खाली वहीचा कागद धरला होता आणि त्याची ०.१ मिमी जाडी वजा करायची राहिली होती. दुसरा थर २.१ चा घेऊन भरून काढलं.

सोमवार, दुसरा ठोकळा. या वेळी रुंदी ८ सोडून १० घेतली, कारण ५० ला १० नं पूर्ण भाग जातो. पाच पट्टे, तीन थर, १५ फेरे. वायपर मोटरचा नॉब कट चालू असतानाच वाढवला आणि १०० मिमीला बरोबर ६० सेकंद येईपर्यंत थांबलो. सूत्रानं २ घन सेंमी प्रतिमिनिट. फेऱ्यांची २० मिनिटं, परतीची साडेसात, वरची किरकोळ धरून ३० मिनिटांत ठोकळा उतरला. सरासरी काढली तर मिनिटाला १.२ घन सेंमी, पहिल्या ठोकळ्याला ०.७५ होती.

मग हाव सुटली. एका तिसऱ्या तुकड्यावर खोली ३ केली. दोनच थर, दहा फेरे, सूत्रानं ३ घन सेंमी. पहिल्याच पट्ट्यात मशीन किंचाळायला लागलं, पृष्ठभागावर लाटा उमटल्या. मोटर कमी पडली असं वाटून हिशेब केला. माइल्ड स्टील कापायला दर चौरस मिमीला २५०० न्यूटन जोर धरला तरी एवढ्या मालाला सव्वाशे वॅट लागतात, आणि मोटर साडेसातशेची आहे. म्हणजे दोष ताकदीचा नाही, कंपनाचा. क्विल, म्हणजे स्पिंडल धरणारी वरखाली सरकणारी नळी, ७० मिमी बाहेर काढलेला होता, हे नंतर दिसलं. हेड खाली घेऊन क्विल आत ठेवून पुन्हा पाहायचं आहे.

तोवर मधला मार्ग म्हणून अडीच घ्यावं असं वाटलं होतं. कागदावर २.५ घन सेंमी छान दिसतं. पण ६ मिमीला अडीचनं थर तीनच पडतात, शेवटचा एक मिमीचा. फेरे तेच १५, वेळ तोच. या ठोकळ्यासाठी २ आणि ३ च्या मधल्या कुठल्याही खोलीनं एक मिनिटही वाचत नाही.